संशोधनाचं माहितीपत्रक सोपं करताना खरेपणा कसा राखायचा

इंदूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात शुगरच्या ओपीडीबाहेर बसलेल्या आजींच्या हातात चार पानांचा कागद येतो. वर लिहिलेलं असतं, ‘सहभागी माहितीपत्रक’. तिसऱ्या पानावर साधारण अशी वाक्यं असतात:

> सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता आपली संमती मागे घेऊ शकता. आपणाकडून संकलित करण्यात आलेली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल व तिचा वापर केवळ संशोधनाच्या उद्देशाने करण्यात येईल.

नियमाच्या नजरेने यात काही चुकलेलं नाही. तरी हे वाचून झाल्यावर आजींना साधे चार प्रश्न विचारून पाहावेत. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी याच डॉक्टरांकडे नंबर लागेल का? मध्येच सोडलं तर दिलेल्या रक्ताचं काय होईल? माझं नाव कोण कोण वाचणार? आणि ‘संशोधनाच्या उद्देशाने’ म्हणजे याच अभ्यासासाठी, की पुढे कुणीही काहीही तपासेल? यातल्या एकाचंही उत्तर वरच्या उताऱ्यात नाही.

आता कुणीतरी तो ‘सोपा’ करतं:

> यात भाग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. कधीही सोडू शकता. तुमची माहिती पूर्णपणे गुप्त राहील.

वाचायला हे छान आहे, पण तिसरं वाक्य खोटं आहे आणि दुसरं अर्धंच खरं आहे. अभ्यासाचे कागद संशोधनाला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी तपासू शकते, म्हणजे माहिती ‘पूर्णपणे गुप्त’ नसते. सोडता कधीही येतं हे खरं, पण सोडल्यावर आधी दिलेलं सगळंच परत घेता येतं असं नाही. माहितीपत्रक सोपं करताना सर्वांत मोठा धोका हाच असतो. अवघड शब्द काढता काढता अटीही निघून जातात, आणि उरतं ते पाळता न येणारं आश्वासन. म्हणून या लेखात त्या दोनच परिच्छेदांचं काम नीट करून पाहू. एक ‘मर्जीचा’ आणि दुसरा ‘माहितीच्या वापराचा’. बाकीचं पत्रक त्यामानाने सोपं जातं.

आधी अभ्यास नीट समजून घ्या

उदाहरणासाठी एक अभ्यास कल्पनेने रचू. शुगर असलेल्या २०० जणांच्या पायांची संवेदना कमी होते आहे का, हे पाहायचं आहे. प्रत्येकाने सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा यायचं. दर भेटीत अर्धा तास प्रश्न, पायाच्या तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून ‘जाणवतंय का’ अशी तपासणी, आणि १० मिलिलिटर रक्त. शिवाय दवाखान्यातल्या मागच्या पाच वर्षांच्या केसपेपरवरून जुने रिपोर्ट उतरवून घेणार. उरलेलं रक्त दहा वर्षं गोठवून ठेवायचं आणि पुढच्या संशोधनासाठी वापरायचं, असा बेत आहे. नवं औषध कुठलंच नाही. रोजचे उपचार करणारे डॉक्टरच संशोधकही आहेत.

अशा अभ्यासाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. माहितीपत्रकात काय काय असायलाच हवं ते त्यांत दिलेलं आहे: हे संशोधन आहे हा स्पष्ट उल्लेख, हेतू, पद्धत, किती वेळ आणि किती भेटी, धोके, फायदे, गोपनीयता कुठपर्यंत, इजा झाली तर काय, नकार देण्याची आणि मध्येच सोडण्याची मोकळीक, आणि कुणाला फोन करायचा. सोपं करताना यातलं काहीही गाळता येत नाही. लांबी कमी करायची तर प्रस्तावना कापावी, संस्थेची ओळख कापावी. ‘मधुमेह ही जागतिक समस्या असून…’ हा परिच्छेद आजींना काहीच ठरवायला मदत करत नाही. तो पूर्ण काढला तरी चालतो.

लिहायला बसण्याआधी एक काम करावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेक वेळा राहून जातं. एका सहभागीच्या कागदाचा प्रवास पायरी पायरीने विचारून घ्यायचा. प्रश्नावली कोण भरतं? तो कागद त्या संध्याकाळी कुठे जातो, कपाट कुणाचं, किल्ली कुणाकडे? संगणकात आकडे कोण टाकतं? तो संगणक संस्थेचा की कुणाचा घरचा? रक्ताच्या नळीवर नाव असतं की नंबर? हे मुख्य संशोधकाला विचारून भागत नाही. त्यांनी लिहिलेला आराखडा एक सांगतो आणि प्रत्यक्षात दुसरंच चाललेलं असतं. प्रश्नावली भरणाऱ्या मदतनीसाला आणि रक्त नेणाऱ्या माणसाला विचारावं. रिपोर्टचे फोटो काढून खाजगी फोनवरून व्हॉट्सॲपने पाठवले जात असतील, तर ‘माहिती कुलूपबंद राहील’ हे वाक्य लिहिता येणार नाही. आधी ती पद्धत बंद करायची, मग वाक्य लिहायचं.

मर्जी: ‘लागेल’ आणि ‘येईल’ यांपासून सुरुवात

‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे तिसऱ्या पानावर लिहिलं, आणि पहिल्या दोन पानांवर ‘तुम्हाला दोनदा यावे लागेल’, ‘उपाशीपोटी यायला हवे’, ‘रक्त घेण्यात येईल’ असंच येत राहिलं, तर वाचणाऱ्याला आज्ञाच ऐकू येते. त्यात ‘आपली निवड करण्यात आली आहे’ असं असेल तर आणखी गोंधळ. नाव आधीच लागलंय, आता नाही कसं म्हणायचं, असं वाटतं.

यावर उपाय व्याकरणातच आहे. जे जे घडणार ते ते ‘तुम्ही हो म्हणालात तर’ या अटीखाली आणायचं. आणि ‘करण्यात येईल’ मोडून करणारा माणूस समोर आणायचा. ‘रक्त घेण्यात येईल’ऐवजी:

> तुम्ही हो म्हणालात, तर नर्स तुमच्या हातातून १० मिलिलिटर रक्त घेईल. म्हणजे चहाचे दोन छोटे चमचे. हे दोनदा होईल: आज, आणि सहा महिन्यांनी.

पहिल्या पानाच्या वरच्या भागात, मथळ्याखाली लगेच, दोन गोष्टी यायला हव्यात: हे संशोधन आहे, आणि नाही म्हणता येतं. संशोधन आणि उपचार यांतला फरक इथेच सांगायचा. कारण इथे डॉक्टर तेच, खोली तीच, रक्त घेण्याची सुईही तशीच. आजींना हे सगळं आपल्या उपचाराचाच भाग वाटणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून असं लिहावं:

> हा तुमच्या उपचाराचा भाग नाही. शुगर असलेल्या लोकांच्या पायांचं काय होतं, हे शिकण्यासाठी आम्ही ही माहिती गोळा करतो आहोत. यातून तुमची शुगर कमी होणार नाही. पायाच्या तपासणीत काही काळजीचं दिसलं, तर ते त्याच दिवशी तुम्हाला सांगू.

शेवटचं वाक्य तेव्हाच लिहायचं, जेव्हा ते खरोखर केलं जाणार असेल.

आता नकार. ‘नकार दिल्यास उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही’ हे वाक्य सगळीकडे असतं आणि त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही. याचं कारण, ‘परिणाम’ म्हणजे काय ते त्यात दिसत नाही. रुग्णाच्या मनातली भीती मोठी नेमकी असते: मोफत मिळणारी औषधं बंद होतील, नंबर मागे जाईल, डॉक्टर रागावतील. तर त्या भीतींनाच नावं घेऊन उत्तर द्यायचं.

> तुम्ही नाही म्हणालात, तरी याच ओपीडीत, याच डॉक्टरांकडे तुमचे उपचार चालू राहतील. काउंटरवरून मिळणारी औषधं तशीच मिळतील. पर्चीचा नंबर मागेपुढे होणार नाही. का नाही म्हणालात, हे सांगायची गरज नाही. आज ठरवायचीही गरज नाही. हा कागद घरी न्या, घरच्यांना दाखवा.

उपचार करणारा आणि संमती मागणारा माणूस एकच असेल, तर नुसत्या वाक्यांनी भागत नाही. संमती विचारण्याचं काम उपचारात नसलेल्या मदतनीसाकडे द्यावं, आणि पत्रकात तसं लिहावं: ‘हे तुम्हाला समजावून सांगणारी व्यक्ती तुमच्यावर उपचार करत नाही. तुम्ही काय ठरवलंत, ते कळल्याने डॉक्टर तुमच्या औषधांत काही बदल करणार नाहीत.’ शक्य असेल तिथे नकार देणाऱ्यांची नावं डॉक्टरांपर्यंत जाऊच देऊ नयेत.

पैशांचं वाक्यही मर्जीशी बांधलेलं असतं. समजा येण्याजाण्याचे दर भेटीला १५० रुपये ठरले. ते ‘दुसरी भेट पूर्ण झाल्यावर ३०० रुपये’ असे दिले, तर मध्येच सोडणाऱ्याला खिशातून भाडं भरावं लागतं, म्हणजे सोडण्याची किंमत मोजावी लागते. ‘दर भेटीच्या दिवशीच १५० रुपये देऊ, पहिल्या भेटीनंतर तुम्ही आला नाहीत, तरी आधीचे पैसे परत मागणार नाही’ असं लिहिलं आणि तसं केलं, की ही गाठ सुटते.

सोडल्यावर काय राहतं, काय जातं

मर्जी आणि माहितीचा वापर हे दोन विषय इथे एकमेकांत मिसळतात, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ‘केव्हाही बाहेर पडा, तुमची माहिती काढून टाकू’ असं लिहिलेलं आढळतं. पण आपल्या अभ्यासात ते एका टप्प्यापर्यंतच शक्य आहे.

सहभागीचं रक्त आणि प्रश्नावली यांवर नाव नसतं, ‘इ-०४७’ असा नंबर असतो. कोणता नंबर कुणाचा, याची एक वेगळी यादी असते. यादी आहे तोवर ०४७ म्हणजे कोण ते शोधता येतं, नळी काढून नष्ट करता येते. सगळ्यांचे आकडे एकत्र करून निष्कर्ष काढले, की त्यातून एका माणसाचा वाटा वेगळा काढणं शक्य नसतं. आणि यादीच नष्ट केली, तर फ्रीजरमधली कोणती नळी कुणाची, ते संशोधकांनाही कळणार नाही. असे तीन टप्पे आहेत, आणि ते तिन्ही सहभागीला आधीच कळायला हवेत:

> तुम्ही केव्हाही थांबू शकता. ‘मला थांबायचं आहे’ एवढं फोनवर सांगितलं तरी पुरे, अर्ज लिहावा लागत नाही. त्या दिवसापासून आम्ही तुमच्याकडून किंवा तुमच्या केसपेपरमधून नवीन काही घेणार नाही.
>
> आधी दिलेल्या रक्ताचं आणि उत्तरांचं काय? निष्कर्ष काढण्याआधी कळवलंत, तर रक्त नष्ट करू आणि उत्तरं काढून टाकू. निष्कर्ष काढून झाल्यावर कळवलंत, तर उरलेलं रक्त नष्ट करू, पण निष्कर्षात मिसळलेले तुमचे आकडे वेगळे काढता येणार नाहीत. अभ्यास संपल्यावर एक वर्षाने आम्ही नावांची यादी नष्ट करणार आहोत. त्यानंतर कोणतं रक्त तुमचं, हे आम्हालाही शोधता येणार नाही.

हे मूळ दोन ओळींपेक्षा लांब आहे. लांबलं म्हणून कुणी हरकत घेतली, तर ती मान्य करू नये. सोपं म्हणजे तोकडं नव्हे. इथे सहा ओळी जास्त लागतात, कारण खरी गोष्टच तीन टप्प्यांची आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं, असं तत्त्व आहे. संशोधनाला त्या कायद्यात काही अटींवर सूट आहे, तरी एका सहीवर ‘हो’ घेऊन ‘नाही’साठी लेखी अर्ज मागणं हे मर्जीच्या कल्पनेलाच धरून नाही.

माहिती: कोण, काय, कुठपर्यंत

‘माहिती सामायिक केली जाऊ शकते.’ या वाक्यात कर्ता नाही, कुणाला ते नाही, कोणती माहिती ते नाही. एवढं एक वाक्य उलगडलं की माहितीच्या वापराचा परिच्छेद जवळजवळ तयार होतो. पद्धत अशी: माहितीचे प्रकार वेगळे करायचे आणि प्रत्येकासमोर तिला हात लावणारे लोक लिहायचे. आपल्या अभ्यासात नाव, पत्ता, फोन हा एक प्रकार. उत्तरं, पायाची तपासणी, जुने रिपोर्ट हा दुसरा. रक्त हा तिसरा. तिघांचा प्रवास वेगवेगळा आहे, म्हणून एकाच ‘माहिती’ शब्दात तिन्ही कोंबायचे नाहीत.

> तुमचं नाव, पत्ता आणि फोन नंबर फक्त अभ्यासाचे मुख्य डॉक्टर आणि एक मदतनीस पाहतील. हे कागद कुलूप असलेल्या कपाटात राहतील. अभ्यास नीट चालला आहे ना, हे तपासायला एथिक्स कमिटीचे सदस्य किंवा सरकारी अधिकारी आले, तर तेही हे कागद पाहू शकतात.
>
> तुमची उत्तरं आणि रिपोर्ट नावाऐवजी नंबर टाकून संगणकात ठेवू. आकडेमोड करणाऱ्या तज्ज्ञांना नंबर दिसेल, नाव दिसणार नाही.
>
> तुमचे मागच्या पाच वर्षांचे केसपेपर आम्ही वाचू. त्यातून फक्त शुगरचे रिपोर्ट, औषधं आणि पायांच्या तक्रारी उतरवून घेऊ. बाकीचं काही घेणार नाही.

केसपेपरचा मुद्दा सहसा एखाद्या कोपऱ्यात ‘वैद्यकीय अभिलेखांचा आढावा’ म्हणून दडलेला असतो. पण पाच वर्षांच्या केसपेपरमध्ये काय काय असतं, हे रुग्णाला ठाऊक असतं, आणि कोणी तरी ते चाळणार ही त्याच्या दृष्टीने रक्त देण्यापेक्षा मोठी गोष्ट असू शकते. म्हणून ते वेगळ्या परिच्छेदात, रोजच्या शब्दांत.

नंबर टाकला म्हणजे ओळख पुसली गेली, असंही समजू नये. इंदूरचा मराठी समाज एकमेकांना ओळखणारा आहे. ‘लोकमान्य नगर, वय ७८, निवृत्त शिक्षिका, उजव्या पायाचा अंगठा काढलेला’ एवढं एखाद्या तक्त्यात आलं, की नाव लिहायची गरज उरत नाही. त्यामुळे अहवालात वसाहतीचं नाव न देता ‘इंदूर शहर’ लिहायचं, वय ‘७५ ते ८०’ असं गटात द्यायचं, आणि पत्रकात ते सांगायचं: ‘अहवालात तुमचं नाव, वसाहत आणि नेमकं वय येणार नाही. तरीही एखाद्या जवळच्या माणसाने अंदाज बांधण्याची थोडी शक्यता राहते.’ हे शेवटचं वाक्य काढून टाकावंसं वाटतं, कारण ते वाचून कुणी नाही म्हणेल अशी भीती असते. पण ते वाचून नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणण्याचा हक्कच आहे.

उरलेल्या रक्ताचं काम सगळ्यांत नाजूक. ते आजच्या अभ्यासासाठी लागत नाही, पुढच्या कामासाठी ठेवायचं आहे. परिषदेच्या तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांसाठी संमतीचे अनेक प्रकार मांडले आहेत: एकाच कामापुरती, टप्प्याटप्प्याने निवडण्याची, किंवा पुढच्या कुठल्याही संशोधनाला मोकळी. आपल्याकडे टप्प्यांची पद्धत घ्यावी. म्हणजे एकाच सहीत सगळं बांधायचं नाही. प्रत्येक प्रश्नाला वेगळं ‘हो’ किंवा ‘नाही’ ठेवायचं.

> खालच्या तीन गोष्टींना नाही म्हणालात, तरी तुम्ही अभ्यासात राहू शकता.
>
> माझं उरलेलं रक्त दहा वर्षं ठेवून शुगरच्या इतर संशोधनासाठी वापरलं तर चालेल. हो ☐ नाही ☐
>
> ते रक्त, नाव न देता, भारतातल्या दुसऱ्या संशोधन संस्थेला दिलं तर चालेल. हो ☐ नाही ☐
>
> पुढे नवीन अभ्यास निघाला, तर मला फोन करायला चालेल. हो ☐ नाही ☐

दोन खबरदाऱ्या. ‘शुगरच्या इतर संशोधनासाठी’ ही सीमा लिहिली, की ती पाळावी लागते. उद्या कुणाला तेच रक्त दुसऱ्या आजारासाठी हवं झालं, तर एथिक्स कमिटीकडे परत जावं लागेल. आणि त्या रक्तातून आनुवंशिक तपासणी करायचा विचार असेल, तर ती चौथी ओळ होईल, ‘इतर संशोधन’मध्ये लपवायची नाही. दोन्ही चौकोन रिकामे राहिले तर काय धरायचं, हेही मदतनीसाला आधी सांगून ठेवावं: रिकामं म्हणजे नाही.

इंदूरची भाषा

मराठी पत्रक पुण्याहून तयार आणलं, तर इथे काही वाक्यं आडवी येतात. घरी मराठी बोलणाऱ्या कितीतरी लोकांचं शिक्षण हिंदीत झालेलं आहे. देवनागरी वाचता येते, पण छापील मराठीची सवय नाही. ‘नकार दिल्यास शिक्षा होणार नाही’ हे वाक्य हिंदीत शिकलेल्या वाचकाला शिक्षणाबद्दलचं वाटू शकतं. ‘तुमची हरकत नसेल तर’ यातली हरकतही हिंदीत वेगळीच आहे. संमतीच्या कागदात हे दोन्ही शब्द हमखास येतात, आणि नेमके मर्जीच्याच वाक्यात. ‘चालेल का’, ‘तुम्हाला नको असेल तर’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. परिचारिकेऐवजी नर्स, मधुमेहाऐवजी शुगर, नमुन्याऐवजी रक्त असे शब्द घ्यावेत. हिंदी पत्रकही शेजारी तयार ठेवावं आणि कोणतं वाचायचं ते सहभागीनेच ठरवावं. आडनाव मराठी म्हणून मराठी कागद पुढे करू नये.

संमतीच्या पुराव्याशी या शहराचं नातं जुनं आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधचाचण्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर २०१३मध्ये संमतीच्या प्रक्रियेचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करण्याचे निर्देश निघाले. पुढे नियम बदलले, आणि आता ते चित्रीकरण अगदी नव्या औषधांच्या चाचण्यांत, दुर्बल स्थितीतल्या सहभागींसाठी सक्तीचं आहे. आपल्या पायांच्या अभ्यासाला ते लागू होत नाही. पण चित्रीकरण असो वा नसो, त्यात आजींनी मान हलवलेली दिसते. त्यांना काय कळलं, ते दिसायचं तर प्रश्न विचारावे लागतात.

‘समजलं का?’ असं विचारू नका

या प्रश्नाला दवाखान्यात सगळे ‘हो’च म्हणतात. पत्रकाची परीक्षा घ्यायची तर सहभागी होऊ शकतील अशा, पण या अभ्यासात नसलेल्या आठ ते दहा जणांना ते द्यावं. वयस्कर हवेत, कमी शिकलेले हवेत, चष्मा घरी विसरणारेही हवेत. ज्यांना वाचायला जमत नाही, त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं आणि घड्याळ लावावं. पंधरा मिनिटांपुढे गेलं तर ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं आणि शेवटची पानं नुसती कानांवरून जातात. मग असे प्रश्न:

‘तुम्ही नाही म्हणालात, तर पुढच्या ओपीडीला काय होईल?’ ‘तुमचं नाव कोण कोण पाहू शकतं, सांगा बरं.’ ‘दोन महिन्यांनी कंटाळा आला, तर काय कराल? आणि दिलेल्या रक्ताचं काय होईल?’ ‘यातून तुमची शुगर कमी होईल का?’

उत्तर कागदात कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगावं, मग आपल्या शब्दांत सांगायला. सापडलं नाही, तर मांडणी चुकलेली आहे. सापडलं पण चुकीचं सांगितलं, तर वाक्य चुकलेलं आहे. दुरुस्ती दोन्हींत वेगळी लागते. एकच जागा दोघांना अडली, की ती बदलून नव्या माणसांवर पुन्हा तपासायची. त्याच माणसांना परत दिलं, तर ते आठवणीतून उत्तर देतात. ‘नाव फक्त डॉक्टर पाहतील’ असं उत्तर वारंवार आलं, तर एथिक्स कमिटीचं वाक्य लोकांच्या नजरेतून सुटतं आहे असं समजावं. ते परिच्छेदाच्या शेवटी असेल, तर उचलून वेगळ्या ओळीत आणावं.

भाषांतर तपासण्यासाठी मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मूळाशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. कमिटी ते मागते, आणि चुका सापडायला ते उपयोगी पडतं. पण त्यातून सोपेपणा कळत नाही. सुरुवातीचा ‘सदर अभ्यासातील’वाला उतारा इंग्रजीत परत गेला, तर तंतोतंत जुळेल, आणि आजींना काही कळलेलं नसेल. उलट ‘पर्चीचा नंबर मागेपुढे होणार नाही’ हे मूळ इंग्रजीत नाहीच, म्हणून परीक्षक त्यावर लाल खूण करतील. अशा प्रत्येक जागेला एका ओळीचं कारण जोडून पाठवावं: मूळ वाक्याचा हाच अर्थ इथल्या ओपीडीत असा सांगावा लागतो.

छपाई मोठी हवी. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, ओळींत दीडपट अंतर हवं, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात. शेवटी दोन फोन नंबर वेगवेगळ्या कामांसाठी: अभ्यासाबद्दल शंका असेल तर संशोधकाचा, वागणुकीबद्दल तक्रार असेल तर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा. छापण्याआधी दोन्ही नंबर स्वतः लावून पाहावेत. बदली झालेल्या माणसाचा नंबर वर्षानुवर्षं छापला जातो. ज्यांना सही येत नाही, त्यांच्या अंगठ्याशेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही लागते, आणि सगळं वाचून दाखवेपर्यंत तो साक्षीदार तिथे बसलेला हवा. पत्रकाची आणि सही झालेल्या संमतीची प्रत सहभागीला घरी न्यायला द्यायची.

बदललेलं प्रत्येक वाक्य, मराठी आणि हिंदी दोन्ही, एथिक्स कमिटीच्या मंजुरीनंतरच वापरता येतं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असावी, दोन्ही भाषांत एकच. मंजुरी आली की ओपीडीच्या टेबलाच्या खणातल्या जुन्या झेरॉक्स त्याच दिवशी काढून घ्याव्यात, नाहीतर गर्दीच्या दिवशी हाताला येईल तीच प्रत दिली जाते आणि सही जुन्या कागदावर होते.